गच्चीवर पत्र्याची खोली: या चुका टाळा

"पत्राच तर टाकायचाय, त्याचं असं किती वजन?" गच्चीवर खोली काढताना बहुतेक घरांत हिशेब इथेच संपतो. पत्र्यापुरतं ते खरंही आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरतो. पण खोली म्हणजे नुसता पत्रा नव्हे. स्लॅबवर भार येतो तो त्याखालच्या भिंतींचा आणि फरशीचा.

दहा बाय बारा फुटांची, आठ फूट उंचीची खोली घेऊ. दार-खिडक्या वजा केल्या तर भिंती साधारण 28 चौरस मीटर होतात. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरून, चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे नुसत्या भिंतीच सात टन झाल्या. आता गच्चीचा विचार करा. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी वापराचा भार सहसा चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास धरलेला असतो. खोलीच्या अकरा चौरस मीटर जागेला तो जेमतेम पावणेदोन टन येतो. त्यातून विटांच्या भिंतीचं वजन एका सरळ रेषेत उतरतं. ती रेषा बीमवर नसेल तर स्लॅबच्या मधोमध खाली झुकाव येतो, आणि खालच्या खोलीच्या छताला लांब, सरळ तडा दिसू लागतो.

तीच खोली 50 मिलिमीटरच्या पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तावांची केली तर भिंती तीनशे किलोच्या आसपास बसतात. लोखंडी सांगाडा आणि पत्रा धरून सगळी खोली पाऊण टनाच्या घरात राहते. पण इथे दुसरी चूक होते. गच्ची उतरती आहे म्हणून आत फरशी लेव्हलला आणायला तीन इंच माल भरला जातो. एवढा माल चौरस मीटरला दीडशे किलो खातो, म्हणजे स्लॅबची मुभा फरशीतच संपली, माणसं आणि कपाट अजून यायचं आहे. थोडा उतार राहू द्या, किंवा पायाखाली हलका बोर्ड टाका. पाण्याची टाकी या छतावर ठेवायचा विचार तर सोडूनच द्या. हजार लिटर म्हणजे एक टन.

खोली इतकी हलकी केली की प्रश्न उलटा होतो. आता ती खाली दाबण्यापेक्षा वर उचलली जाण्याची भीती जास्त. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 68 किलो असतो. वाऱ्याकडच्या बाजूची खिडकी उघडी असेल तर आतला दाब पत्र्याला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. दोन्ही मिळून छताच्या चौरस मीटरला 80 ते 100 किलो वरच्या दिशेने लागू शकतात. बाहेर काढलेल्या पावळ्या धरून छत साडेपंधरा चौरस मीटरचं असेल, तर उचल सव्वा ते दीड टन. अख्खी खोली पाऊण टनाची. उरलेली ओढ खांबांच्या पायातल्या बोल्टांनी पेलायची असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक याच पायाशी होते. फॅब्रिकेटर बेस प्लेट ठेवतो, ड्रिलने भोकं पाडतो, चार इंची अँकर ठोकतो आणि नट आवळतो. हाताला घट्ट लागतं. पण गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर तो स्वतःच चार इंच किंवा त्याहून जाड असतो. अँकर काँक्रीटपर्यंत पोचलेलाच नसतो. तो विटांच्या तुकड्यांत आणि चुऱ्यात अडकलेला असतो, वाऱ्याने पत्रा दोन-चारदा हलवला की ढिला पडतो. ड्रिल करताना बाहेर येणारा भुसा पाहा. तो लालसर येतोय तोवर तुम्ही कोब्यातच आहात. राखाडी आला की काँक्रीट लागलं. ज्या कोब्यात विटा नाहीत तिथे ही खूण चालत नाही, तिथे एका कोपऱ्यात कोबा खोदून जाडी मोजावी.

दुसरं नुकसान त्याच भोकातून होतं. कोब्यावरचं वॉटरप्रूफिंग तिथे फुटलेलं असतं. पाणी आत शिरतं, कोब्याखालून स्लॅबच्या उताराने सरकतं आणि भलत्याच ठिकाणी छतातून टपकतं. त्यामुळे खालच्या खोलीतला ओला डाग पाहून त्याच्या बरोबर वर सिमेंट फासत बसण्यात अर्थ नसतो. डागापासून उताराच्या वरच्या बाजूचा खांब आधी तपासा.

योग्य रीत अशी: खांबाची जागा बीम किंवा कॉलमच्या डोक्यावर काढा. घराचा नकाशा नसेल तर खालच्या मजल्यावरून मापं घेऊन वर आखा. त्या जागी कोबा चौकोनी कापून काँक्रीट उघडं करा, केमिकल अँकरने सळ्या बसवा आणि गच्चीपासून सहा इंच वर येणारा काँक्रीटचा ठोकळा ओता. वॉटरप्रूफिंग ठोकळ्याच्या अंगावर वर चढवा, बेस प्लेट त्याच्या माथ्यावर बसवा. साचलेलं पाणी मग बोल्टपर्यंत येत नाही. ठोकळे किती, सळ्या किती आणि त्या किती खोल बसवायच्या, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. जुन्या इमारतीत, स्लॅबच्या खालून सळ्या गंजून पोपडे पडत असतील तर त्याने "नको" म्हटलं तरी ऐका.

खोली गच्चीच्या उताराला आडवी बसली की मागे तळं साचतं, हेही आखणीतच पाहायचं. पाणी ज्या जाळीकडे वाहतं तिकडची वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि नव्या छताचं पाणी पन्हाळीतून पाइपाने थेट त्या जाळीशी न्यावं. पॅनेलचा खालचा काठ गच्चीवर न टेकवता काँक्रीटच्या छोट्या बंधाऱ्यावर ठेवावा.

पत्र्याचे स्क्रू जास्त आवळणं ही तर रोजची गोष्ट. रबरी वॉशर बाहेर फुगून पसरलेला दिसला की समजा, तो लवकरच चिरणार. वॉशर नुसता किंचित दबला पाहिजे.

उकाड्यावर लोक फॉइल लावतात आणि ते पत्र्याला चिकटवून टाकतात. चकचकीत बाजूसमोर इंचभर तरी हवेची पोकळी नसेल तर फॉइल जवळजवळ निकामी ठरतं. तापलेल्या साध्या पत्र्याखाली पंखा लावून उपयोग होत नाही, कारण पत्राच डोक्यावर उष्णता फेकत असतो. छतालाही पफ पॅनेल घ्या, वरचा रंग पांढरा ठेवा, आणि उंच बाजूला गरम हवा निघायला झरोके द्या.

इन्सुलेशन नसलेल्या पत्र्याची एक फसवी तक्रार असते: पाऊस नाही तरी पहाटे छत टपकतं. स्क्रूपाशी नव्हे, तर पत्र्याच्या खालून सगळीकडे सारखे थेंब असतील आणि ऊन चढल्यावर ते सुकत असतील, तर ते दवाचं पाणी. आतल्या दमट हवेतल्या वाफेचे थंड पत्र्यावर थेंब होतात. तिथे सिलिकॉनच्या नळ्या संपवून काही होणार नाही. खरी गळती शोधायची असेल तर पाइपाने पाणी मारा, पण पावळीकडून सुरुवात करून एकेक जोड वर सरका, आणि दर जोडावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहतं आणि दोषी कोणता ते कळत नाही.