वास गेला म्हणजे धूर गेला असं नाही: बाळाच्या खोलीत या चुका टाळा

ऐरोलीत माझ्या मावसबहिणीचं घर तळमजल्यावर, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. दिवेलागणीला तिथे डासांची नुसती झुंबड उडते. तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा रोज रात्री दोनच्या सुमारास खोकायचं, नाक चोंदायचं, आणि सकाळी दहा वाजले की ठणठणीत. "सर्दी जातच नाही गं हिची," म्हणून तीन आठवडे औषधं चालली होती. मी एक रात्र राहायला गेले तेव्हा उलगडा झाला. साडेसहाला सगळ्या खिडक्या बंद, देवाजवळ दोन उदबत्त्या, पलंगाखाली कॉइल आणि दार लोटलेलं. सर्दी घड्याळ बघून येत नाही. खोकला वेळ धरून येत असेल, तर त्या वेळी घरात काय जळतं ते आधी बघायचं.

कॉइलमध्ये डासांना पळवणारं औषध अगदी थोडं असतं. बाकी सगळा लाकडाचा भुसा, करवंटीची पूड आणि डिंक. तेच आठ तास धुमसत राहतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. हे कण इतके बारीक असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात. वास मात्र आपल्या नाकाला दहा मिनिटांत सवयीचा होतो, म्हणून "आता काही वास येत नाहीये" या वाक्यावर विसंबू नये. पंखा लावला तर धूर खोलीतच फिरतो. एसीचंही तेच: घरगुती स्प्लिट एसी आतलीच हवा गार करतो, बाहेरची आणत नाही.

बाळाला हे जास्त का बाधतं? त्याची श्वासनळी अरुंद असते. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर वाट चतुर्थांशच उरते. शिवाय आपण मिनिटाला पंधरा-वीस श्वास घेतो, तान्हं बाळ चाळीसच्या आसपास.

बहिणीकडे आम्ही केलं ते एवढंच. कॉइल बंद. बाळाच्या गादीवर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीला टेकलेली. बाळाचा हात जाळीला चिकटून राहिला तर डास बाहेरून चावतो, म्हणून जरा ऐसपैस घेतली. सरकत्या खिडकीला जाळी बसवली आणि ती रात्रभर उघडी ठेवली. उदबत्ती एकच, तीही बाळ दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडी ठेवून. पाचव्या रात्री खोकला थांबला.

धुरीचा प्रश्न मात्र अवघड निघाला, कारण तिथे काकू होत्या. आंघोळीनंतर बाळाला ओवा, बाळंतशेपा आणि उदाची धुरी द्यायचीच, तीही दार बंद करून, वारा लागू नये म्हणून. त्यांचं म्हणणं, "आमची चार मुलं याच धुरीवर वाढली." खरंच वाढली, पण त्या कौलारू घरात, फटीफटीतून हवा खेळणाऱ्या. दहा बाय दहाच्या बंद खोलीत शेगडी वेगळीच गोष्ट. धूर दिसेनासा झाला तरी धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाळंतीण आणि बाळ दोघंही गुंगीत जाऊ शकतात, आणि ती गुंगी "छान झोप लागली" अशी वाटते. काकूंना "धुरी बंद" म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. मी म्हटलं, ऊब राहू दे, निखारे नकोत. आता बाळाला सुक्या पंच्यात गुंडाळून, केस नीट टिपून घेतात, आणि बहिणीच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी.

बाळंतपणाला शहापूर-मुरबाडकडच्या माहेरी गेलात आणि चुलीवर स्वयंपाक असेल, तर बाळाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका. निदान तेवढा वेळ ते ओसरीवर कुणाच्या तरी मांडीवर असू द्या. फ्लॅटमध्ये फोडणीचा ठसका बाळापर्यंत पोचत असेल, तर एक्झॉस्ट लावूनही सगळ्या खिडक्या बंद आहेत का ते बघा. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा बाहेर काय फेकणार?

धूर थांबवून आठवडा झाला तरी खोकला तसाच असेल, तर कारण दुसरं आहे, डॉक्टरांकडे जा. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, आणि दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ उठवूनही जागं होत नसेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.