नखांचे पापुद्रे सुटत असतील तर आधी हात कोरडे ठेवा

हाताची नखं टोकाला पापुद्रे सुटून फाटत असतील तर पहिल्यांदा पायाची नखं बघा. ती नीट असतील तर कारण बहुधा फक्त हातांनाच लागणारं आहे, म्हणजे पाणी आणि साबण. अंगात काही कमी पडलं असेल तर त्याची खूण सहसा पायाच्या नखांवरही दिसते. ही तपासणी न करताच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणारे घरोघरी भेटतात. नखात कॅल्शियम नगण्य असतं. नखाचा टणकपणा केरॅटिन नावाच्या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो.

नख म्हणजे मेलेल्या चपट्या पेशींचे एकावर एक चिकटलेले थर. पाण्यात ते फुगतात, सुकताना आकसतात. दिवसातून पंधरा-वीस वेळा असं झालं की चिकटपणा सुटतो, आणि तो सुटतो टोकापासून, कारण थरांची कड तिथेच उघडी असते. म्हणून एकदाच वीस मिनिटं हात भिजलेले बरे, पण दिवसभर दर अर्ध्या तासाने दोन-दोन मिनिटं भिजणं वाईट.

गोव्यातल्या नेहमीच्या सकाळचंच बघा. बाजारातून बांगडे आले, साफ केले, हात धुतले. नारळ खवला, हात धुतले. तांदूळ धुतले, चहाची भांडी विसळली, ओटा पुसला. दुपारपर्यंत आठ-दहा वेळा भिजणं-सुकणं झालं. यातली ओली कामं सलग लावा: तांदूळ, भाजी, शेवटी बांगडे, मग एकदाच हात धुवून नीट पुसा. नारळ खवणं आणि लसूण सोलणं कोरडं काम आहे, ते आधी उरका. भांडी लगेच विसळत बसू नका, जमवून एकदम घासा, आणि तीही हातमोजे घालून.

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. रबरी हातमोजे आणले, महिनाभर वापरले, नखं उलट जास्त फाटली, अशी तक्रार हमखास येते. कारण आपल्या दमट हवेत रबराच्या आत पाच मिनिटांत घाम साठतो आणि नख वाफेत ठेवल्यासारखं भिजत राहतं. उपाय म्हणजे आत सुती पातळ मोजे. ते घालून रबरी मोजा ओढता यावा म्हणून रबरी मोजा एक माप मोठा घ्या. मनगटाजवळची कड बाहेर दुमडा, नाहीतर हात वर केला की पाणी कोपराकडे ओघळतं आणि हात खाली आला की तेच आत उतरतं. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालू नका, आणि आत पाणी शिरल्याचं जाणवलं की त्याच क्षणी काढा. ओल्या मोज्यापेक्षा उघडा हात परवडला. काम झालं की रबरी मोजे उलटे करून वाळवा. सुती मोज्यांचे तीन-चार जोड लागतात, कारण पावसाळ्यात एक जोड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि आंबट वास येणारा ओलसर मोजा घालण्यात काही अर्थ नाही. बांगड्याला मात्र हे मोजे नकोत. पर आणि काटे रबराला बारीक भोकं पाडतात, ती दिसत नाहीत, आणि पुढच्या वेळी भांड्यांचं पाणी तिथूनच आत येतं.

रात्री शेवटचे हात धुतले की टिपून घ्या आणि नख ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली टोकावर आणि मुळाशी चोळा. खोबरेल चालेल, पण कोरड्याठाक नखावर चोळून फारसा उपयोग नाही. तेल पाणी आणत नाही, असलेलं अडवतं.

नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापा, बोटाच्या टोकाबाहेर मिलिमीटरभरच ठेवा. कानस मात्र नख सुकल्यावर, बारीक दाण्याची, एकाच दिशेने. सुटलेला पापुद्रा ओढू नका, तो खालच्या थरालाही घेऊन जातो. अॅसिटोनचं रिमूव्हर आठवड्यातून एकदाच्या वर नको. फॉर्मॅल्डिहाइड असलेले ‘हार्डनर’ सुरुवातीला नख टणक करतात, पुढे ते काचेसारखं तडकतं.

खाण्याचं म्हणाल तर डाळ-मासळी नियमित असेल तर प्रथिनांची काळजी नको. थकवा, दम लागणं, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव किंवा चमच्यासारखी खोलगट नखं असतील तर हिमोग्लोबिन आणि अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा. लोह कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. बायोटिन या जीवनसत्त्वाने नखं सुधारतात याचा पुरावा तोकडा आहे. घेतच असाल तर थायरॉइड किंवा हृदयाच्या रक्ततपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, कारण त्याने निकाल चुकू शकतात.

फाटलेलं नख पुन्हा जुळत नाही, ते कापूनच निघतं. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. चवथीच्या तयारीत मोजे सुटले तर पुन्हा तीच मोजणी सुरू. एकच नख जाड-पिवळं होत असेल, बोटापासून सुटत असेल किंवा त्यावर काळपट उभी रेघ आली असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.