जिभेखालची ॲलर्जीची गोळी: या चुका टाळा

सोलापुरात नाक-कान-घशाच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. घरातल्या धुळीतल्या माइट्स नावाच्या बारीक किड्यांच्या ॲलर्जीवरची ही गोळी सुरू करायला आलेल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, किती वेळ लागंल?" पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास तिथंच बसायचं. यात घासाघीस नाही.

चादरीच्या दुकानात कामाला असलेले एक काका दहाव्या मिनिटाला उठले. जिभेखाली आणि कानात खाज सुटली होती, पण आम्हाला बोलले नाहीत. "गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणत निघून गेले. दुकानात पोचेपर्यंत ओठ थोडा सुजला. घाबरून त्यांनी अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि संध्याकाळी फोन केला. तोवर सूज उतरली होती. खरं तर तोंडात, घशात, कानात खाज किंवा किंचित सूज सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच जणांना येते आणि पुढे कमी होते. ते बसले असते, तर डॉक्टरांनी तोंड बघून, छाती तपासून तिथंच सांगितलं असतं. पुढं त्यांनी नवं पाकीट आणलं आणि पहिली गोळी पुन्हा आमच्यासमोरच घेतली. या वेळी मी त्यांची पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवली होती!

श्वास लागणं, गळा आवळल्यासारखं होणं, आवाज बदलणं, अंगभर गांध्या, चक्कर ही मात्र वेगळी गोष्ट. घरी असं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. आणि दमा बळावलेला असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर पहिल्या दिवशी आधी तेच सांगा. त्या दिवशी गोळी नाही.

दुसरी चूक म्हणजे "आठवेल तेव्हा घेऊ". गोळी रोज एक, साधारण तीन वर्षं. नाक मोकळं झालं म्हणून महिन्यात बंद करणाऱ्यांना मी काय बोलू? गोळीचा खरा फरक जाणवायलाच दोन-तीन महिने जातात. पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. कोरड्या हातानं गोळी काढून लगेच जिभेखाली ठेवायची, मिनिटभर आवंढा गिळायचा नाही. मग हात धुऊन आधण ठेवायचं. चहा उकळून गाळेपर्यंत पाच मिनिटं होतातच, आणि तेवढा वेळ काही खायचं-प्यायचं नसतं.

दाढ काढली, तोंड आलं किंवा माव्यानं गाल सोलला, तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. जखमेवर ती ठेवायची नाही.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी एकच घ्या, दोन नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाहुण्यांच्या गडबडीत आठवड्याहून जास्त खंड पडला, तर आपल्या मनानं सुरू करू नका, आधी फोन करा.