पृथ्वी वृत्तात आईवर श्लोक: यती आठव्यावरच

पृथ्वीचे गण ज स ज स य, मग ल ग. अक्षरे 17. लगावलीत:

ल गा ल ल ल गा ल गा । ल ल ल गा ल गा गा ल गा

मोरोपंतांची ‘केकावली’ याच वृत्तात आहे. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’ दोनचारदा मोठ्याने म्हटले की चाल तोंडात बसते.

विषय लहान घ्या. ‘आईचा त्याग’ असा अख्खा विषय चार चरणांत मावत नाही. उरलेली भाकरी मुलाला वाढणे, वहीसाठी बांगड्या विकणे, एवढे पुरे.

खरी अडचण यतीची, म्हणजे चरणात मधे थांबायच्या जागेची. लक्षणात ‘वसु-ग्रह’ म्हणतात, म्हणजे आठ आणि नऊ. ‘गण जुळले की यती आपोआप येते’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. ही ओळ पाहा:

उपास धरुनी कसेतरि निशा तिने काढली

लघु-गुरू मोजा, एकही चूक सापडणार नाही. तरी ओळ सदोष आहे. आठवे अक्षर ‘से’, नववे ‘त’. थांबायचे तिथे ‘कसेतरि’ हा एकच शब्द मधून तुटतो. हाच यतिभंग. तिथे स्वल्पविराम टाकून काही साधत नाही, शब्दच आठव्या अक्षरावर संपला पाहिजे. विभक्तीचा प्रत्यय नवव्यावर गेला तरी तोच दोष. समासाच्या सांध्यावर यती पडली तर काही जण चालवून घेतात. शिकताना तीही सवलत घेऊ नये.

म्हणून मी उत्तरार्ध आधी लिहितो. नवव्यापासून सलग तीन लघू लागतात आणि यमकही तिथेच असते. ‘मजसि’, ‘जळ पि(ऊन)’, ‘मज व(ही)’, ‘कधि ति(ने)’ अशा सुरुवाती जमवून ठेवाव्यात. ‘कधी’चे ‘कधि’ करण्याची मुभा जुन्या कवितेत आहेच. मग आठ अक्षरांचा पूर्वार्ध जोडायचा. वरची ओळ अशी सुधारते:

उपास म्हणुनी निशा । जळ पिऊन ती काढली

यात ‘स’ लघूच राहतो. पुढच्या ‘म्ह’चा आघात मागे येत नाही, त्याला गुरू मोजू नका.

पूर्ण श्लोक:

घरात उरली तिने । मजसि भाकरी वाढली
उपास म्हणुनी निशा । जळ पिऊन ती काढली
विकून करकंकणे । मज वही नवी आणली
रिते कर तरी न ती । कधि तिने व्यथा जाणली

तपासताना दुसऱ्याला वाचायला द्या आणि आठव्या अक्षरावर एक श्वास थांबायला सांगा. श्वास शब्दाच्या मधे अडकला तर फक्त तो शब्द बदलून भागत नाही. पूर्वार्ध पुसून नव्याने बांधा, उत्तरार्ध तसाच ठेवा. वहीत उतरवताना दंड काढून टाका.