रात्री मोबाइलवर व्हिडिओ: दाणे, सरकते पट्टे आणि हलणारा फोकस

लक्षण असं: रात्री घरात आजीच्या ओव्या चित्रित करताना अंधाऱ्या भागात दाणे दिसायचे, चित्रावर आडवे पट्टे सरकायचे आणि फोकस मध्येच चेहरा सोडून भिंतीवर जायचा. एडिटिंगमध्ये उजेड वाढवला तर दाणे आणखी उठले. नॉइज काढणाऱ्या ॲपने सुरकुत्याच पुसून टाकल्या. वैताग आला.

शेवटी जमलं ते याच क्रमाने. आधी मुख्य 1x लेन्स घेतली, कारण बाकीच्या लेन्स सहसा कमी उजेड ओढतात. मग कॅमेऱ्याच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये 25 fps, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात; 1/50 मध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे जातात. (तरी राहिले तर बल्ब बदला, काही स्वस्त एलईडींना इलाज नाही.)

आता दिवा. टेबल लॅम्प आजीपासून दोन मीटरवर होता, तो फ्रेमच्या जरा बाहेर एक मीटरवर आणला. अंतर निम्मं झालं की उजेड साधारण चौपट, म्हणून ISO, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो ते सेटिंग, 3200 वरून 800 वर उतरला. दाणे तिथेच कमी झाले. मागे फ्रेममध्ये दिसणारा दिवा मात्र कमी वॉटचा लावला, नाहीतर तिथे नुसता पांढरा डाग उमटतो.

फोकस सगळ्यात शेवटी: मॅन्युअलवर टाकून, झूम करून डोळ्यांवर जुळवला. आजी पुढे झुकली की तो पुन्हा जुळवावा लागतो.