स्टेटमेंटच्या फोटोतून हुकलेली ओळ शिलकीवरून कशी पकडावी

बँक स्टेटमेंटचा फोटो ओसीआरमधून काढला, आकडे शीटमध्ये आले आणि शेवटी हिशेब जुळला नाही की एक ठरलेला सल्ला मिळतो: जेवढ्याचा फरक, तेवढ्या रकमेची नोंद शोधा. मीही बराच काळ तेच करत होतो. चूक एकच असेल तर हा सल्ला चालतो. पण फोटोवरून वाचलेल्या स्टेटमेंटमध्ये चूक सहसा एकटी येत नाही, आणि दोन-तीन चुकांची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी जो फरक उरतो त्या रकमेची नोंद मूळ कागदावर कुठेच नसते. मग माणूस नसलेली नोंद शोधत बसतो.

खरं तर शोधायची गरजच नाही. स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीत बँकेने शिल्लक छापलेली असते. मागच्या शिलकीत जमा मिळवून नावे वजा केले की पुढची शिल्लक यायला हवी. ही साखळी जिथे तुटते तिथेच चूक असते, आणि ती कशी तुटली यावरून चुकीचा प्रकारही बहुतेक वेळा कळतो.

आधी रकाने लावून घ्या

A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये नावे, D मध्ये जमा आणि E मध्ये छापील शिल्लक. दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक ठेवा. आकड्यांतले स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, शून्याच्या जागी आलेली इंग्रजी ओ अक्षरं बदला. शिलकीपुढे Dr असेल, म्हणजे खातं उणे असेल, तर तो आकडा उणे करा. आता F3 मध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(E3-(E2+D3-C3),2)
```

सगळं बरोबर असेल तर रकानाभर शून्य दिसेल. ROUND गाळू नका, नाहीतर दशांशातल्या सूक्ष्म फरकामुळे शून्याच्या जागी भलतेच बारीक आकडे दिसतात. स्टेटमेंट नव्याकडून जुन्याकडे जात असेल तर मागची शिल्लक वर नसून खाली असते, म्हणून आरंभीची शिल्लक सगळ्यात खाली ठेवा, सूत्रात वरच्या ओळीऐवजी खालची ओळ घ्या आणि पुढे जिथे ‘वर’ म्हटलं आहे तिथे ‘खाली’ समजा.

स्वतःची शिल्लक काढू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. आरंभीच्या शिलकीपासून मी माझी वेगळी शिल्लक चालवत असे आणि ती छापील शिलकीशी ताडून बघत असे. पहिली चूक आली की तिच्याखालची प्रत्येक ओळ चुकीची दिसायची, शेकडो ओळी लाल. दुसरी चूक त्या लाल पट्ट्यातच लपून जायची. वरच्या सूत्रात प्रत्येक ओळ तिच्या लगेच मागच्या छापील शिलकीशीच ताडली जाते, त्यामुळे चूक खाली वाहत जात नाही.

तुटलेली जागा वाचायची कशी

खरं कौशल्य इथे लागतं. एक छोटा नमुना घेऊ. आरंभीची शिल्लक ४८,२५०. ओसीआरने दिलेल्या ओळी आणि तपासाचा रकाना असा:

| ओळ | नावे | जमा | शिल्लक | तपास |
|---|---|---|---|---|
| ३ | १,२०० | | ४७,०५० | ० |
| ४ | | १५,००० | ६२,०५० | ० |
| ५ | ३,४३० | | ५८,५७० | −५० |
| ६ | ६४० | | ५१,९३० | −६,००० |
| ७ | | २,५०० | ६०,४३० | +६,००० |
| ८ | ४,१२० | | ५५,४३५ | −८७५ |
| ९ | २,३०० | | ५७,७३५ | +४,६०० |

या सगळ्यांची बेरीज ३,६७५. ‘फरकाची नोंद शोधा’ म्हणणारा माणूस हीच रक्कम शोधत बसणार, आणि मूळ कागदावर अशी रक्कम नाहीच.

सहावी आणि सातवी ओळ एकत्र बघा. एकापाठोपाठ दोन ओळी तुटल्या, आकडा तोच आणि चिन्हं उलटी. याचा अर्थ रकमा ठीक आहेत, सहाव्या ओळीची शिल्लक चुकीची वाचली गेली आहे. खरी शिल्लक ५७,९३०, त्यातला ७ ओसीआरला १ दिसला. शिल्लक एकच चुकते, पण ती स्वतःच्या ओळीच्या तपासात एकदा आणि पुढच्या ओळीत मागची शिल्लक म्हणून पुन्हा वापरली जाते, म्हणून जोडी तयार होते. स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीत असं झालं तर जोडीदार नसतो. तिथे स्टेटमेंटवर वेगळी छापलेली अखेरची शिल्लक बघा.

नववी ओळ सोपी आहे. ४,६०० म्हणजे त्या ओळीतल्या २,३०० ची बरोबर दुप्पट. जमा रक्कम नावेच्या रकान्यात पडली आहे.

राहिल्या पाचवी आणि आठवी. दोन्हीकडे एकच ओळ तुटली आहे, आणि इथेच मी सगळ्यात जास्त अडखळलो. रक्कम चुकीची वाचली तरी एकच ओळ तुटते, आणि अख्खी ओळ हुकली तरीही एकच ओळ तुटते. तपासाच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात. उणे तपास म्हणजे खात्यातून तुमच्या नोंदीपेक्षा जास्त पैसे गेले, अधिक म्हणजे जास्त आले. त्यापलीकडे चिन्ह काही सांगत नाही.

पहिली खूण फरकाच्या आकड्यात मिळते. ओसीआर सहसा एखादाच अंक चुकतो आणि तोही दिसायला जवळचा: ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६, ० आणि ८. एकच अंक चुकला तर फरकात एकच अंक असतो आणि बाकी शून्यं. −५० तसा आहे, −८७५ तसा नाही. म्हणून आठव्या ओळीपाशी हुकलेल्या नोंदीचा संशय आधी घ्यायचा.

पण −५० वर लगेच विश्वास ठेवू नका. ५० ची एखादी छोटी शुल्काची नोंदही हुकलेली असू शकते. अशा वेळी फरक रकमेत घालून बघा. ३,४३० मध्ये ५० घातले की ३,४८० होतात, म्हणजे ३ च्या जागी ८. हे दोन अंक खरोखर एकमेकांसारखे दिसतात, म्हणून वाचण्यातली चूक शक्य आहे. ओळीत ३,४२० असते तर २ चा ७ व्हावा लागला असता. ती शंका कमी पटण्याजोगी, तिथे मी आधी हुकलेली ओळच शोधली असती. दोन्ही बाबतीत शेवटचा शब्द फोटोचा. तो मोठा करून तो अंक डोळ्यांनी बघायचा. इथे बघितलं तर ३,४८० च आहे.

नऊने भाग जातो का बघा, असा जुना मंत्रही लोक सांगतात. हाताने टाइप करताना अंकांची अदलाबदल होते, ३,४८० चे ३,८४० होतात, तेव्हा तो कामाचा. ओसीआर अंकांची जागा बदलत नाही, आकार चुकतो, म्हणून फोटोच्या कामात मी तो सोडून दिला आहे. एकच अपवाद. रक्कम पूर्ण आकड्यांची असताना दशांश टिंब हरवलं आणि ३,४८०.०० चं ३४८००० झालं, तर फरक खऱ्या रकमेच्या ९९ पट येतो. एवढा अवाढव्य आकडा तसाही डोळ्यांत भरतो.

आता हुकलेली ओळ शोधायची कुठे? तुटलेल्या ओळीच्या वर. तपास आठव्या ओळीत तुटला, याचा अर्थ सातव्या आणि आठव्या ओळीच्या मधलं काहीतरी गेलं आहे. खाली शोधणाऱ्यांना ते कधीच सापडणार नाही. फोटोत त्या जागी पान संपतं का, घडी पडली आहे का, सावली आहे का ते बघा. नमुन्यात तिथे ८७५ ची नावे नोंद होती आणि तिच्यानंतरची शिल्लक ५९,५५५. ती ओळ घातली की आठव्या ओळीचा तपास शून्य होतो.

मधे काहीच दिसत नसेल तर आठव्या ओळीचीच शंका घ्या. तपशील दोन-तीन ओळींत छापलेला असला की ओसीआर शेजारच्या दोन नोंदी चिकटवतं: तारीख आणि रक्कम पहिलीची, शिल्लक दुसरीची. शीटमध्ये ती ओळ अगदी सरळ दिसते, पण हरवलेली नोंद तिच्या पोटात असते.

दोन चुका लागून आल्या तर जोडी नीट जुळत नाही. समजा सहाव्या ओळीची शिल्लक चुकली आहेच, आणि ८७५ ची नोंद सहाव्या व सातव्याच्या मधे हुकली आहे. तेव्हा तपास −६,००० आणि +५,१२५ असा येईल. गोंधळू नका, दोघांची बेरीज करा. उरतात −८७५, ती खरी हुकलेली नोंद. शिलकीची चूक बेरजेत स्वतःच नाहीशी होते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: तपास शून्य व्हावा म्हणून ‘फरक’ नावाची नोंद घालणं, किंवा फोटो न बघता रक्कम बदलणं. शून्य दिसेल, पण नोंद खोटी असेल, आणि पुढे तीच नोंद खरी म्हणून वापरली जाईल.

स्क्रीनशॉट जोडताना

एकावर एक येणारे स्क्रीनशॉट असतील तर एखादी ओळ दोनदा येते. तेव्हा शिल्लक आधीच्या ओळीसारखीच दिसते आणि तपासात त्या ओळीची रक्कम उलट चिन्हाने येते. ती ओळ काढून टाका.

शून्य आलं तरी काय सुटतं

तारीख आणि तपशील चुकले तर शिलकीला काहीच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे फसलेला व्यवहार: पैसे गेले आणि लगेच तेवढेच परत आले. या दोन्ही ओळी एकत्र हुकल्या तर साखळी अखंड राहते आणि रकानाभर शून्यच दिसतं. हे पकडायला दोनच साधनं आहेत. स्टेटमेंटच्या शेवटी एकूण नावे आणि एकूण जमा छापलेले असतील तर C आणि D च्या बेरजा त्यांच्याशी ताडा. अशी जोडी हुकली असेल तर दोन्ही बेरजा सारख्याच रकमेने कमी पडतात. बेरजा छापलेल्या नसतील तर फोटोतल्या प्रत्येक पानावरच्या नोंदी बोट ठेवून मोजा आणि शीटमधल्या त्या पानाच्या ओळींशी जुळवा.