महापेच्या नोकरीसाठी मेल पाठवण्याआधी

मेल उघडलात की ‘To’ची जागा रिकामीच ठेवा. पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा, म्हणजे अर्धवट मेल चुकून सुटत नाही. आधी बायोडेटा जोडा. फाइलचं नाव resume final 2 नको, स्वतःचं नाव आणि पद हवं. उतरवून घेणारा माणूस एका फोल्डरमध्ये पन्नास रेझ्युमे ठेवतो, त्यात तुमचा सापडायला हवा. फाइल पीडीएफच असू द्या. ड्राइव्हची लिंक पाठवलीत आणि परवानगी खुली करायला विसरलात, तर समोरच्याला कुलूपच दिसतं. तो चावी मागत बसत नाही.

आता मजकूर. ठाण्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या, ऐरोलीत राहणाऱ्या एका मुलीने महापेतल्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी लिहिलं होतं: ‘वरील विषयास अनुसरून मी आपल्या नामांकित कंपनीत काम करण्यास इच्छूक आहे तरी मला संधी द्यावी हि नम्र विनंती.’ विषयाच्या ओळीत नुसतं ‘नोकरीबाबत’. ‘इच्छूक’चं ‘इच्छुक’ आणि ‘हि’चं ‘ही’ करणं सोपं होतं. खरी अडचण अशी, की हे वाक्य कुणीही, कुठल्याही कंपनीला पाठवू शकतं. तिला काय येतं, ते त्यात कुठेच नव्हतं. दोघींनी बसून नवं लिहिलं:

‘विषय: अकाउंट्स असिस्टंट (महापे) पदासाठी अर्ज

महोदय/महोदया,
१२ जूनच्या जाहिरातीतील अकाउंट्स असिस्टंट पदासाठी हा अर्ज करत आहे. मी बी.कॉम. आहे. तुर्भे येथील गोदामात दोन वर्षे टॅलीवर खरेदीची बिले नोंदवते आणि दर महिन्याला ती जीएसटीआर-२बीशी जुळवून फरक काढते. मी ऐरोलीत राहते. तीस दिवसांच्या नोटिशीनंतर रुजू होऊ शकेन. बायोडेटा सोबत जोडला आहे.
आपली विश्वासू,’

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. ‘आपला विश्वासू’ तयार नमुन्यातून जसंच्या तसं उतरवणाऱ्या मुली मी दर बॅचला पाहते. कागदी अर्जात वर लागणारं ‘प्रति’, तारीख आणि पत्ता मेलमध्ये नको. जाहिरात इंग्रजीत असेल तर मेलही इंग्रजीतच लिहा, पण याच क्रमाने. जाहिरातीत पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच आकडा द्या.

मग हाच मेल स्वतःला पाठवा आणि फोनवर फाइल उघडून पाहा. ‘सोबत जोडला आहे’ लिहून काहीच न जोडणं मी स्वतःही केलंय. जीमेलमध्ये Undo Send पाच सेकंदांवर असतं, सेटिंग्जमध्ये जाऊन ते तीसवर न्या. दहा कंपन्यांना एकच मेल, सगळे पत्ते उघडे, असं करू नका. प्रत्येकीला वेगळा पाठवा आणि दर वेळी पदाचं व ठिकाणाचं नाव बदललंय का ते बघा. रबाळ्याच्या कंपनीला ‘महापे’ गेलं, तर मेल कुठून उचललाय ते तिथल्या माणसाला लगेच कळतं.